ई-रीडरवर स्क्रीनशॉट निघाला की नाही, हे कळतं कसं?

सांगलीच्या माझ्या मावसबहिणीने नवा ई-रीडर घेतला. चौथ्याच दिवशी मला साताऱ्यात तिचा मेसेज आला, "अगं, पानावर मागच्या पानाची अक्षरं पुसट दिसतायत. विक्रेत्याकडे तक्रार करतेय, हे स्क्रीनशॉट बघ." सोबत एकाच पानाचे सहा स्क्रीनशॉट होते. आणि सहाही अगदी स्वच्छ!

आधी सहा का, ते बघू. टचस्क्रीन असलेल्या बहुतेक किंडलवर समोरासमोरचे दोन कोपरे, म्हणजे वरचा डावा आणि खालचा उजवा, एकदम टॅप केले की स्क्रीनशॉट निघतो. पण फोनसारखा आवाज येत नाही, कोपऱ्यात छोटं चित्रही दिसत नाही. पडदा फक्त क्षणभर लुकलुकतो. ई-इंकचा पडदा पान उलटतानाही लुकलुकतोच, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की काही झालंच नाही. मग पुन्हा टॅप, पुन्हा टॅप.

ओळखायची खूण सोपी आहे. पडदा लुकलुकून तेच पान राहिलं, तर स्क्रीनशॉट निघाला. पान उलटलं किंवा वर मेनू आला, तर एक बोट आधी टेकलं. पडदा पूर्ण शांत होऊ द्या आणि मगच पुन्हा करा. खात्री करायला यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा. नावाची सुरुवात screenshot ने होते, पुढे तारीख-वेळ आणि शेवटी .png असतं. रीडर कॉम्प्युटरवर दिसतच नसेल, तर केबल नुसती चार्जिंगची असू शकते. (आमच्या घरात अशा तीन निघाल्या.)

आता स्वच्छ का? ई-इंकच्या पडद्यात काळे-पांढरे बारीक कण असतात आणि विजेच्या दाबाने ते वर-खाली सरकतात. दर वेळी पूर्ण पडदा नव्याने रंगवला तर वेळ लागतो आणि डोळ्यांना त्रास होतो, म्हणून बरेचदा थोडेच कण हलवले जातात. काही कण जागेवर राहतात आणि जुनी अक्षरं पुसट दिसतात. याला घोस्टिंग म्हणतात. स्क्रीनशॉट मात्र या कणांचा फोटो नसतो. मेमरीत तयार असलेलं पानाचं चित्र तेवढं सेव्ह होतं आणि त्या चित्रात घोस्टिंग नसतंच. कधी पान उलटता उलटता टॅप केलं, तर डोळ्यांसमोर जुनं पान आणि फाइलमध्ये नवं, असंही होऊ शकतं.

म्हणजे घोस्टिंगच्या तक्रारीला स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालत नाही, उलट तो तुमच्याच विरोधात जातो. फोनने फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून. पण त्याआधी पूर्ण रिफ्रेश करून बघा. किंडलच्या वाचनाच्या सेटिंगमध्ये Page Refresh सुरू केलं की दर पानाला पूर्ण पडदा नव्याने रंगतो. त्यानंतरही तोच डाग तिथेच दिसला, तर तक्रारीत दम आहे.

बहिणीने ते सुरू केलं, दोन पानं उलटली आणि पुसट अक्षरं गेली. तक्रार पाठवायची राहिली. पाच जादा स्क्रीनशॉट मात्र केबल मिळाल्यावर डिलीट करायचे आहेत.