मधल्या खांबावरचा मोमेंट

तीन खांबांवर टाकलेल्या सलग तुळईचा भार कोणत्या खांबावर किती येतो, हे नुसत्या समतोलाच्या नियमांनी काढता येत नाही. समीकरणं दोनच मिळतात आणि अज्ञात मात्र तीन असतात. तिसरं समीकरण तुळईच्या वाकण्यातून शोधावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे अनेक गाळ्यांचे लोखंडी पूल उभे राहू लागले, तेव्हा हा प्रश्न अगदी हातघाईवर आला. आधारांवरचे भार अज्ञात धरले, तर गाळे वाढतील तसा समीकरणांचा गुंता वाढत जाई. पॅरिसजवळ आन्येरच्या पुलावर काम करणारे फ्रेंच इंजिनिअर क्लापेरॉन यांनी त्याऐवजी आधारांवरचे मोमेंट, म्हणजे तिथे तुळई वाकवणारा जोर, अज्ञात धरले. असं केलं की प्रत्येक समीकरणात शेजारशेजारचे तीनच मोमेंट येतात. क्लापेरॉन यांचा निबंध १८५७ सालचा. समीकरण त्याच्या दोन वर्षं आधी बर्तो या इंजिनिअरने छापलं होतं, पण नाव चिकटलं ते क्लापेरॉन यांचं. तुळईची जाडी आणि माल सगळीकडे सारखा असेल, तर ते असं दिसतं:

M_A·L1 + 2·M_B·(L1 + L2) + M_C·L2 = −(w1·L1³ + w2·L2³)/4

यात L म्हणजे गाळ्याची लांबी आणि w म्हणजे दर मीटरवरचा भार. वजा चिन्हाचा अर्थ इतकाच, की आधारावर तुळईची वरची बाजू ताणली जाते.

आता एक घरगुती तुळई घेऊ. डावा गाळा ४ मीटरचा, त्यावर दर मीटरला ३० किलोन्यूटन भार. उजवा ६ मीटरचा, त्यावर २०. (एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोंचं वजन.) दोन्ही गाळ्यांवर एकूण भार सारखाच, १२० किलोन्यूटन. टोकं नुसती टेकलेली आहेत, म्हणून तिथले मोमेंट शून्य.

समजा, तुळई मधल्या खांबावर कापली. दोन्ही तुकडे आपापल्या भाराने खाली झुकतील, खांबापाशी त्यांची तोंडं उलटसुलट दिशांना फिरतील आणि वरच्या बाजूला फट पडेल. हे फिरणं भार गुणिले लांबीचा घन, भागिले २४ या प्रमाणात असतं. डावीकडे १९२० भागिले २४, म्हणजे ८०. उजवीकडे ४३२० भागिले २४, म्हणजे १८०. सारखंच वजन असूनही लांब गाळा सव्वादोन पट जास्त फिरतो, ती करामत घनाची. सलग तुळईत ही २६० ची फट असूच शकत नाही. ती मिटवायचं काम खांबावरचा मोमेंट करतो आणि दर एकक मोमेंटमागे दोन्ही लांबींच्या बेरजेचा तिसरा हिस्सा, म्हणजे १०/३ इतकी फट मिटते. २६० ला १०/३ ने भागलं की ७८ किलोन्यूटन-मीटर. वरच्या सूत्रात आकडे घातले तरी तेच उत्तर येतं.

त्यावरून खांबांवरचे भार निघतात: ४०.५, १५२.५ आणि ४७. बेरीज बरोबर २४०. लांब गाळा सुटा असता तर त्याच्या मध्यावर ९० चा मोमेंट आला असता. सलग तुळईत गाळ्यातला सर्वांत मोठा मोमेंट सुमारे ५५ वर उतरतो. पण खांबावर तुळईच्या वरच्या अंगाला ७८ साठी पुरेल इतकी सळई घालावीच लागते. ती कमी पडली, तर पहिली भेग खांबाजवळ, वरून खाली जाणारी दिसते. वर फरशी असेल तर ती झाकलीही जाते.

गाळ्यांच्या लांबीत फार तफावत असली की वेगळीच गोष्ट घडते. डावा गाळा २ मीटरचा केला आणि दोन्हीकडे भार २० ठेवला, तर मधला मोमेंट ७० येतो आणि डाव्या टोकाचा भार उणे १५. म्हणजे ते टोक वर उचललं जातंय. ते कॉलमला सळयांनी पक्कं बांधलेलं असेल आणि वरून पुरेसं वजन असेल, तर उत्तर खरं. नुसतं भिंतीवर टेकलेलं असेल, तर टोक उचललं जातं, दोन मीटरचा तुकडा लोंबता राहतो आणि मधला मोमेंट ४० वर येतो. मग लांब गाळ्यातला मोमेंट ५८ वरून ७१ वर चढतो. हिशेब ५८ वर थांबलेला असेल, तर गाळ्याच्या पोटातली सळई अपुरी पडते. म्हणून मोमेंट काढून झाले की प्रत्येक आधाराच्या भाराचं चिन्ह तपासायचं आणि ते उणे आलं तर टोक कशाने धरलंय, हे आधी पाहायचं.

वर दिलेलं समीकरण खांब जागेवरून हलत नाहीत असं धरून चालतं. जर्मन इंजिनिअर ओटो मोर यांनी १८६० मध्ये त्यात आधार खचण्याचं पद जोडलं. चार आणि सहा मीटरच्या त्याच तुळईचं माप २३० बाय ४५० मिलिमीटर आणि काँक्रीट भेग न पडलेलं धरलं, तर मधला खांब अवघा ५ मिलिमीटर खचला तरी ७८ चा मोमेंट सुमारे ५१ वर येतो आणि लांब गाळ्यातला ५५ चा ६६ होतो.