परळ नाही, वांद्रे. चार नाही, अडीच

मुंबईत पंधरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल संघ सांभाळणाऱ्या मॅनेजरला खेळापेक्षा निरोपच जास्त सांभाळावे लागतात. मैदान कुठले आणि सामना किती वाजता, हे तो ठरवत नाही, स्पर्धा भरवणारी संघटना ठरवते. पावसाने मैदानात पाणी साचते, आधीचे सामने लांबतात, मैदान ऐनवेळी दुसऱ्या कामासाठी जाते आणि शनिवारी संध्याकाळी मॅनेजरचा फोन वाजतो. त्यानंतर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो जे लिहितो, त्यावर रविवारी किती मुले मैदानावर उभी राहतील हे ठरते. फुटबॉलच्या तिसऱ्या नियमानुसार एखाद्या संघाचे सातपेक्षा कमी खेळाडू असतील, तर सामना सुरूच होत नाही.

समजा, रविवारी दुपारी चारचा सामना परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर होता. तो आता वांद्रे पश्चिमेच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर दुपारी अडीचला होणार आहे. (१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणाऱ्या मुंबईकर खेळाडूचे नाव या मैदानाला आहे.) सौजन्यशील मॅनेजर बहुधा असे लिहितो:

‘नमस्कार पालकहो, आपण सर्वजण नेहमीच उत्तम सहकार्य करता, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. कळविण्यास खेद वाटतो की, काही अपरिहार्य कारणांमुळे उद्याच्या सामन्याच्या स्थळात व वेळेत बदल करण्यात आला आहे. सामना आता नेव्हिल ग्राउंडवर २.३० वाजता होईल. तसदीबद्दल क्षमस्व.’

यात उद्धट असे काहीच नाही, तरी घोटाळा ठरलेला आहे. फोनच्या पडद्यावर सूचना येते तेव्हा पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि इथे त्या आभारातच संपतात. ग्रुप म्यूट केलेल्या पालकाने रात्री साडेबाराला वाचले, तर ‘उद्या’ म्हणजे कोणता दिवस? शिवाय अडीच ही सामना सुरू होण्याची वेळ की मुलांनी हजर राहण्याची? संघाची यादी पंचांकडे देणे, ओळखपत्रे तपासून घेणे, कपडे बदलणे, अंग मोकळे करणे यासाठी तासभर आधी पोचावे लागते. अडीचला पोचलेला मुलगा धापा टाकत बाकावर बसतो.

वेळ पुढे ढकलली गेली, तर निरोप न मिळालेला मुलगा फार तर ताटकळतो. ती अलीकडे आली, तर त्याचा सामनाच हुकतो. त्यामुळे चारचे अडीच झाले की ग्रुपवर लिहून भागत नाही, फोनही करावे लागतात.

जागा बदलली की प्रवासही बदलतो. डोंबिवलीचा मुलगा परळला एका गाडीने येतो. वांद्र्याला जायचे तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेची गाडी धरायची. रविवारी बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो, साधारण अकरापासून चारपर्यंत, आणि अडीचच्या सामन्यासाठी निघायची वेळ नेमकी त्यातच येते. परळ स्टेशनबाहेर टॅक्सी मिळते, वांद्र्याला रिक्षा. जेवणाचीही वेळ सरकते. चारच्या सामन्याआधी बाराला जेवून निघता येत होते, आता साडेदहा-अकरालाच पानावर बसावे लागेल. बुटांचाही प्रश्न आहे, कारण परळला खरे गवत आहे आणि वांद्र्याला कृत्रिम. कृत्रिम गवतावर धातूच्या स्टडचे बूट चालत नाहीत, रबरी स्टडचे लागतात. घरून निघण्याआधी हे कळले नाही, तर मैदानावर उपाय नसतो.

हे सगळे धरून तोच निरोप असा लिहिता येईल:

‘सामन्यात बदल. रविवार, २० जुलै. परळ नाही, वांद्रे. दुपारी ४ नाही, २.३०.
मैदान: नेव्हिल डिसूझा मैदान, वांद्रे पश्चिम. फाटकाचे लोकेशन खाली दिले आहे.
मुलांनी १.३० ला फाटकाशी हजर राहावे. सामना २.३० ला सुरू होईल.
रबरी स्टडचे बूट, निळी जर्सी, ओळखपत्र आणि पाण्याची मोठी बाटली आणावी. जेवण घरून करून यावे.
मेगाब्लॉक पाहून निघावे. डोंबिवली-ठाण्याची मुले सरांबरोबर येणार असतील, तर तसे कळवावे.
परळच्या मैदानात पाणी असल्याने संघटनेने हा बदल केला आहे. ऐनवेळच्या धावपळीबद्दल दिलगीर आहोत.
रात्री ९ पर्यंत मुलाचे नाव लिहून “येणार” किंवा “नाही” असे कळवावे, ही विनंती.’

यातही विनंती आहे, दिलगिरी आहे, ‘यावे’, ‘आणावे’ अशी अदबीची भाषा आहे. फक्त दिलगिरी शेवटाकडे गेली आणि कामाची गोष्ट वर आली. जुनी जागा आणि जुनी वेळ नाव घेऊन रद्द केली आहे, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यात परळ आणि चार पक्के बसलेले असतात. नुसते नवे सांगितले, तर आणखी एक सामना आहे असेही कुणाला वाटू शकते. कारण एकाच ओळीत आले आणि त्यात कुणावर ठपका नाही. ‘अपरिहार्य कारणांमुळे’ म्हटले की ‘नक्की काय झाले?’ असे दहा प्रश्न येतात आणि त्यांच्याखाली मूळ निरोप गाडला जातो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मुलाला मैदानावर घेऊन जाणारी व्यक्ती पुष्कळदा ग्रुपमध्ये नसतेच. आई ग्रुपमध्ये असते आणि नेणारे असतात आजोबा किंवा मामा. निरोप त्यांना फॉरवर्ड होतो, पण मागचे संभाषण त्यांच्याकडे नसते. म्हणून ‘वर दिल्याप्रमाणे’, ‘नेहमीचे सामान’, ‘तेच मैदान’ असे शब्द टाळावेत. एवढा एकच निरोप हातात असलेल्या माणसालाही मुलाला बरोबर पोचवता आले पाहिजे.

पाठवण्याआधी मॅनेजरने संघटनेकडून लेखी खात्री करून घ्यावी. दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाकडून कानावर आलेली बातमी ग्रुपवर टाकली, तर तासाभरात ती मागे घ्यायची पाळी येते. तरीही पुन्हा बदल झालाच, अडीचचे तीन झाले, तर जुन्या निरोपातला आकडा गुपचूप दुरुस्त करू नये. व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून पंधरा मिनिटांपर्यंतच दुरुस्ती करता येते आणि आधीच फॉरवर्ड झालेली प्रत काही बदलत नाही. ‘दुसरा बदल, शनिवार रात्री ८’ अशा मथळ्याने संपूर्ण निरोप नव्याने लिहावा, आधीचा रद्द असल्याचे त्यात सांगावे आणि ग्रुपच्या माथ्यावर जुन्याऐवजी तोच पिन करावा.

कुणी वाचले हे ‘मेसेज इन्फो’मध्ये दिसते, पण वाचले म्हणजे ध्यानात घेतले असे नव्हे. अंगठ्याच्या खुणेवरूनही मुलगा येणार की नाही ते कळत नाही. म्हणून उत्तरात मुलाचे नाव मागायचे. रात्री नऊला यादी समोर घेऊन बसावे. सोळापैकी अकरा नावे आली असतील, तर उरलेल्या पाच घरी तेव्हाच फोन लावावा आणि समोरच्याकडूनच मैदान आणि हजर राहायची वेळ वदवून घ्यावी. एखादे घर फोनही उचलत नसेल, तर सकाळी पुन्हा प्रयत्न करावा. तेवढ्यानेही जमले नाही, तर परळजवळ राहणाऱ्या एखाद्या पालकाला जुन्या मैदानाच्या फाटकाशी थोडा वेळ थांबायची विनंती करावी. चारच्या सामन्यासाठी मुले तीनला पोचतात, त्यामुळे तिथे चुकून गेलेला मुलगा पहिल्या अर्ध्यात काही खेळणार नाही. पण तो एकटा, बंद फाटकासमोर, पावसात उभा आहे हे पालकांना आणि मॅनेजरला निदान कळेल, आणि त्याला घरी सोडायची सोय करता येईल.