मोहरीचे तेल आणि हृदय: इरुसिक आम्लाचा मुद्दा नेमका काय आहे?

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी आणि आसपासच्या भागात मोहरी हे मुख्य पीक नाही. कापूस, सोयाबीन, ऊस, मोसंबी, हरभरा यांच्या पट्ट्यात मोहरी बहुधा हरभरा-गव्हातील दोन-चार ओळी किंवा घरापुरते काही गुंठे एवढीच असते. आपल्याकडे खायचे तेल म्हणजे करडई, शेंगदाणा आणि आता सोयाबीन. मोहरी लागते ती फोडणीला आणि लोणच्याला. मात्र लाकडी घाण्यावरच्या तेलाला मागणी वाढल्यापासून "घरची मोहरी घाण्यावर काढून रोजच्या स्वयंपाकाला वापरली तर चालेल का? हृदयाला ती वाईट असते म्हणतात, ते खरे का?" असे प्रश्न विचारले जातात. या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर पाहू.

इरुसिक आम्ल म्हणजे काय?

कोणतेही खाद्यतेल वेगवेगळ्या स्निग्धाम्लांचे मिश्रण असते. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल सर्वाधिक असते. आपल्या नेहमीच्या मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल सर्वाधिक असते. देशी आणि प्रचलित वाणांत ते साधारण ४० ते ५० टक्के भरते, म्हणजे जवळपास निम्मे तेल. उरलेल्या भागात सुमारे १० टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. हे ओमेगा-३ गटातील असून हृदयासाठी चांगले मानले जाते. जवसात ते भरपूर असते, तर करडई आणि शेंगदाण्याच्या तेलात जवळजवळ नसते. मोहरीच्या तेलाबद्दल दोन टोकांची मते का आढळतात, याचे उत्तर इथेच आहे. एकाच तेलात शंका घेण्यासारखा एक घटक आहे आणि चांगला म्हणावा असाही एक घटक आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मोहरीचा तिखट झणका इरुसिक आम्लामुळे येत नाही. दाण्यातील ग्लुकोसिनोलेट नावाचे घटक दाणा फुटल्यावर, ओलाव्यात बदलतात आणि त्यातून तिखट, उडणारे द्रव्य तयार होते. तेल धूर येईपर्यंत तापवले की हा झणका उडून जातो, पण इरुसिक आम्ल तेलातच राहते. तेल रिफाइंड केल्यानेही ते कमी होत नाही. म्हणून "तेल चांगले तापवून घेतले की दोष जातो" हे इरुसिक आम्लाच्या बाबतीत खरे नाही.

वाद कुठून सुरू झाला?

इरुसिक आम्ल जास्त असलेले तेल उंदरांना आणि डुकराच्या पिलांना खाऊ घातल्यावर त्यांच्या हृदयाच्या स्नायूंत चरबीचे कण साठलेले दिसले. हृदयाच्या पेशी हे आम्ल सावकाश जाळतात, म्हणून ते मागे उरते. खाणे थांबवल्यावर किंवा शरीराला सवय झाल्यावर साठलेली चरबी कमीही होते. या प्रयोगांनंतर कॅनडातील पैदासकारांनी इरुसिक आम्ल अत्यल्प असलेली मोहरीवर्गीय पिके तयार केली. आज बाजारात मिळणारे कॅनोला तेल त्यातूनच आले.

माणसांमध्ये मात्र इरुसिक आम्लामुळे हृदयविकार होतो, हे सिद्ध झालेले नाही. भारतातील एक अभ्यास तर उलट दिशेने बोट दाखवतो. दिल्ली आणि बंगळुरूच्या रुग्णालयांतील हृदयविकाराच्या झटक्याचे ३५० रुग्ण आणि इतर ७०० जण यांच्या आहाराची तुलना करणारा हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सूर्यफूल तेल वापरणाऱ्यांपेक्षा मोहरीचे तेल वापरणाऱ्यांमध्ये झटक्याचे प्रमाण कमी आढळले. अभ्यासकांनी त्याचे श्रेय अल्फा-लिनोलेनिक आम्लाला दिले. पण असा अभ्यास दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच सांगतो, एकीमुळे दुसरी घडली असे ठामपणे सांगत नाही. त्यामुळे "मोहरीचे तेल हृदयाचे औषध" हा निष्कर्षही त्यातून निघत नाही.

अशा स्थितीत प्रत्येक देशाने आपापला निर्णय घेतला. अमेरिकेत मोहरीचे तेल स्वयंपाकाचे तेल म्हणून विकता येत नाही. तिथल्या भारतीय दुकानांत बाटलीवर "फक्त बाह्य वापरासाठी" असे छापलेले असते. भारतात ते मान्यताप्राप्त खाद्यतेल आहे आणि उत्तर व पूर्व भारतात पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या जेवणात आहे.

आपल्या स्वयंपाकघराचा हिशेब

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये इरुसिक आम्लाची सुरक्षित रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ७ मिलिग्रॅम ठरवली. ६० किलो वजनाच्या माणसाला ती दिवसाला ४२० मिलिग्रॅम पडते. प्राण्यांमध्ये ज्या मात्रेपर्यंत परिणाम दिसला नाही, त्या मात्रेचा शंभरावा भाग धरून ही मर्यादा काढलेली आहे. त्यामुळे ती ओलांडली की लगेच इजा होते असे नव्हे, तर सुरक्षिततेचे अंतर कमी होत जाते. आता चार माणसांच्या घराचे तीन प्रसंग पाहू.

*पहिला, फक्त फोडणी.* दिवसभरात घरात एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम मोहरी लागली. त्यात साधारण १.२ ग्रॅम तेल आणि त्यातले सुमारे अर्धा ग्रॅम इरुसिक आम्ल. चौघांत वाटल्यावर प्रत्येकी १२५ ते १३५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाच्या मर्यादेच्या हे एक तृतीयांशही नाही, शिवाय बरेच दाणे न चावता तसेच गिळले जातात. फोडणीच्या मोहरीची काळजी करण्याचे कारण नाही.

*दुसरा, सगळा स्वयंपाक देशी मोहरीच्या तेलात.* माणशी दिवसाला २५ ग्रॅम तेल धरले आणि त्यात ४५ टक्के इरुसिक आम्ल असेल, तर ते सुमारे ११ ग्रॅम होते. ही मात्रा मर्यादेच्या पंचवीस पटींहून जास्त आहे. प्राण्यांमध्ये परिणाम न दिसलेली मात्रा ६० किलो वजनाला लावली तर ती ४२ ग्रॅम येते. म्हणजे शंभर पटींचे अंतर घटून जेमतेम चार पटींवर आले. लहान मुलांचे वजन कमी, म्हणून त्यांच्यासाठी हे अंतर आणखी कमी होऊ शकते.

*तिसरा, कमी इरुसिक आम्लाच्या वाणाचे तेल.* यात इरुसिक आम्ल २ टक्क्यांपेक्षा कमी असते. तेवढेच २५ ग्रॅम तेल खाल्ले तरी ते जास्तीत जास्त ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या आसपास राहते.

थोडक्यात, प्रश्न "मोहरी चांगली की वाईट" असा नसून "कोणत्या वाणाची आणि किती" असा आहे. देशी मोहरीचे तेल घरी काढले असेल, तर ते एखाद्या भाजीला, लोणच्याला वापरावे आणि रोजचे मुख्य तेल करडई किंवा शेंगदाण्याचे ठेवावे. तेले अशी आलटून-पालटून वापरल्याने मोहरीतले ओमेगा-३ मिळते आणि इरुसिक आम्लाची मात्रा आटोक्यात राहते. हृदयविकाराचा रुग्ण घरात असेल तर तेल बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

वाण निवडताना

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने कमी इरुसिक आम्लाचे वाण विकसित केले आहेत. पुसा करिश्मा हा त्यातला सुरुवातीचा वाण, पुढे पुसा मोहरी ३० सारखे वाण आले. पुसा मोहरी ३१ हा "डबल झिरो" वाण आहे. त्यात इरुसिक आम्ल तर कमी आहेच, पण पेंडीतील ग्लुकोसिनोलेटही कमी आहे, त्यामुळे पेंड जनावरांना देण्यास अधिक योग्य ठरते. त्याच कारणाने या तेलाचा झणका सौम्य असतो.

हे वाण घेताना दोन अडचणी लक्षात घ्याव्यात. पहिली, ते प्रामुख्याने उत्तर भारतातील लांब थंडीसाठी निवडलेले आहेत. आपल्याकडे थंडी कमी टिकते, म्हणून सुरुवातीला दोन-तीन गुंठ्यांवरच करून पाहावे आणि बियाण्याच्या उपलब्धतेबाबत खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणी कृषी विद्यापीठात चौकशी करावी. दुसरी अडचण परागीभवनाची. दाण्यातील तेल गर्भात तयार होते, त्यामुळे शेजारच्या देशी मोहरीचे पराग मधमाश्यांनी आणले तर त्याच हंगामातील त्या दाण्यांत इरुसिक आम्ल वाढते. म्हणून हे वाण देशी मोहरीपासून दूर लावावे, मागील वर्षी देशी मोहरी सांडलेल्या रानात लावू नये आणि घरचे बियाणे वर्षानुवर्षे न वापरता खात्रीच्या ठिकाणाहून बदलत राहावे.

तेलात इरुसिक आम्ल किती आहे हे रंग, वास किंवा चवीवरून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीची तपासणी करावी लागते. "कमी इरुसिक" म्हणून तेल विकायचे असेल, तर हा अहवाल हातात असावा.

खरा आणि तातडीचा धोका: पिवळा धोतरा

इरुसिक आम्लावर वाद आहे. पिवळ्या धोतऱ्यावर मात्र कसलाही वाद नाही. बांधावर, पडीक रानात उगवणाऱ्या या काटेरी तणाच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेले तर त्यातील सँग्विनरिन या विषामुळे दोन्ही पायांना सूज येते, धाप लागते आणि हृदय निकामी होऊ शकते. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने साठहून अधिक लोक दगावले.

घरच्या मोहरीतही हे बी नकळत येऊ शकते. ते टाळण्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

- हे झाड ओळखण्यास सोपे आहे. पानांवर पांढऱ्या शिरा आणि काटे, फूल पिवळे आणि देठ मोडल्यावर पिवळा चीक. बोंडे धरण्याआधीच ते उपटून टाकावे.
- मोहरी काढण्याच्या वेळी धोतऱ्याचीही बोंडे पक्व होत असतात. कापणीपूर्वी शेत आणि बांध एकदा फिरून पाहावेत.
- मळणीनंतर मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहावेत. मोहरीचा दाणा गुळगुळीत दिसतो, तर धोतऱ्याचे बी काळपट, खरबरीत आणि जाळीदार असते.
- असे दाणे दिसले तर तो माल घाण्यावर नेऊ नये. चाळणीने हे बी पूर्णपणे वेगळे होत नाही, कारण आकार जवळपास सारखाच असतो.
- प्रयोगशाळेत नायट्रिक आम्ल टाकल्यावर तांबूस रंग आला तर भेसळीची शंका घेतली जाते. हे आम्ल तीव्र असल्याने घरी प्रयोग करू नये. रंग आला नाही म्हणजे तेल शुद्धच आहे असेही नाही, कारण अगदी थोडी भेसळ या चाचणीत सुटते.

तेल वापरू लागल्यावर घरातील एकापेक्षा जास्त माणसांच्या पायांना एकाच वेळी सूज आली, तर तेल लगेच बंद करावे, रुग्णांना दवाखान्यात न्यावे आणि उरलेले तेल फेकून न देता तपासणीसाठी जपून ठेवावे.