एक ओळ लांबली की पोस्टर पुन्हा मांडायचं

शिबिराचं पोस्टर तयार असतं आणि छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी मंडळाकडून निरोप येतो: ‘रक्तदान शिबिर’ काढून तिथं ‘रक्तदान व मोफत नेत्रतपासणी शिबिर’ घाला. बदल एकाच ओळीचा असला, तरी त्यानं संपूर्ण पोस्टरची मांडणी हलते.

ए-३ आकाराचा कागद २९७ मिलिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना २० मिलिमीटरचा समास सोडला की मजकुराला २५७ मिलिमीटर उरतात. जाड, साध्या वळणाच्या फाँटमध्ये जुना मथळा ११० पॉइंटला साधारण १९५ मिलिमीटर जागा घेतो आणि ऐसपैस बसतो. नवी ओळ त्याच आकारात ४९० मिलिमीटरच्या आसपास जाते. ती एका ओळीतच बसवायची तर अक्षरं ५७ पॉइंटपर्यंत लहान करावी लागतात, म्हणजे मथळा जवळजवळ निम्मा होतो.

इथं दोन सोपे उपाय सुचतात आणि दोन्ही देवनागरीला मारक आहेत. अक्षरं आडवी दाबली तर उभे दंड बारीक होतात, शिरोरेघ मात्र पूर्वीइतकीच जाड राहते. त्यामुळे मथळा आखडल्यासारखा दिसतो. दोन अक्षरांमधलं अंतर कमी केलं तर काने आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरात घुसतात. तेव्हा ओळ तोडणं हाच सरळ मार्ग उरतो.

ती कुठं तोडायची? ‘रक्तदान व मोफत’ आणि ‘नेत्रतपासणी शिबिर’ असे भाग पाडले तर दोन्ही ओळींची लांबी जवळपास सारखी येते आणि १०० पॉइंट सहज बसतात. पण वाचणाऱ्याला ‘मोफत’ रक्तदानाला जोडल्यासारखं वाटतं. अर्थाप्रमाणे तोडायचं तर वर ‘रक्तदान व’ आणि खाली ‘मोफत नेत्रतपासणी शिबिर’ असं हवं. मग खालची ओळ लांब होते आणि अक्षर ७८ पॉइंटवर आणावं लागतं. बावीस पॉइंट गेले तरी हीच तोड बरोबर, कारण रस्त्यावरचा माणूस पोस्टर एकाच नजरेत वाचतो. तोडताना एन्टर न दाबता शिफ्ट-एन्टर वापरावं. एन्टरनं नवा परिच्छेद सुरू होतो आणि परिच्छेदांमधलं जास्तीचं अंतर मथळ्याच्या मधोमध येतं.

आता ओळींमधलं अंतर. अनेक डिझाइन प्रोग्रॅममध्ये ते आपोआप अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के धरलं जातं. रोमन लिपीला ते पुरतं. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा, रफार वर चढतात. वर ‘संस्कृती’ आणि बरोबर खाली ‘दर्शन’ आलं, तर ऋकार आणि रफार एकमेकांना भिडतात. आपल्या मथळ्यात ‘रक्तदान व’च्या खाली काही लोंबत नाही, म्हणून १२० टक्क्यांतही निभावेल, पण उद्या शब्द बदलला तर टक्कर होईल. १३० टक्के धरणं सुरक्षित. ७८ पॉइंटला ते १०१ पॉइंट होतं.

अशा दोन ओळींना २०२ पॉइंट उंची लागते. जुन्या एका ओळीला याच हिशेबानं १४३ लागत होते. म्हणजे सुमारे २१ मिलिमीटर जास्त हवेत. ते फक्त मथळा आणि तारीख यांच्यामधून काढले तर तारीख मथळ्याला चिकटते आणि त्याची तिसरी ओळ वाटू लागते. त्याऐवजी मधल्या चित्राची उंची १२० वरून १०५ मिलिमीटर करावी आणि उरलेले सहा मिलिमीटर खालच्या तीन अंतरांतून दोन-दोन घ्यावेत. मथळ्याच्या दोन ओळींमधली मोकळी जागा तारखेच्या आधीच्या जागेपेक्षा कमी दिसली, तर वाटणी जमली.

मथळा मध्यभागी ठेवायचा असेल तर मध्य-संरेखनाचं बटण वापरावं. जुन्या फाइलमध्ये बऱ्याचदा स्पेसबार दाबून ओळ मध्यावर आणलेली असते. त्या रिकाम्या जागा नव्या ओळीतही राहतात आणि मथळा एका बाजूला सरकतो. म्हणून ओळीच्या आधीच्या आणि शेवटच्या स्पेस आधी पुसाव्यात. दोन्ही कडांना ताणून ओळी सारख्या करणं टाळावं. ‘रक्तदान’ आणि ‘व’ यांच्यात मोठं भगदाड पडतं.

शेवटी ए-४ वर एक प्रत काढून भिंतीवर लावावी आणि आठ-दहा पावलं मागं जाऊन पाहावं. मथळा तारखेपेक्षा ठळक वाटला नाही, तर अंतरांशी खेळत बसू नये. तेव्हा मंडळाला विचारावं, की ‘मोफत’ मथळ्यातून काढून खाली छोट्या ओळीत ‘नेत्रतपासणी मोफत’ असं दिलं तर चालेल का? तेवढ्यानं ‘नेत्रतपासणी शिबिर’ ही ओळ १०० पॉइंटला २३० मिलिमीटरच्या आसपास बसते. त्यासाठी उंची आणखी लागेल आणि चित्र अजून लहान करावं लागेल. पण शिबिर कशाचं, हे रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येईल.