‘टोपी नाही’ म्हणजे काय गं?

आज बचत, कर्ज, हप्ते हे विषय बाजूला ठेवू या. तरी सुरुवात हप्त्यापासूनच होणार, कारण गोष्ट तिथेच घडली.

गेल्या महिन्यात आपल्या वाणगावातल्या एका गटाच्या बैठकीत एक ताई गप्प गप्प होत्या. विचारलं तर म्हणाल्या, लेकीशी दोन दिवस बोलणं नाही. हप्त्याला पाचशे रुपये कमी पडत होते, त्या जिवाला घोर लावून बसल्या होत्या आणि कॉलेजातून आलेली लेक बॅग टाकत म्हणाली, “चिल ना, आई.” ताईंनी दहावीतल्या मुलाला अर्थ विचारला. त्यानं शब्दकोशात बघून सांगितलं, थंड, गारवा. ताईंना वाटलं, माझं डोकं तापलंय असं ही मला सुनावते. खरं तर मुलीनं शिकवणीच्या पैशांतले पाचशे रुपये आधीच बाजूला काढून ठेवले होते. तिला म्हणायचं होतं, “मी आहे ना, आई.”

शब्दकोश चुकला नव्हता. पण असा शब्द मराठीत आणताना त्याचा अर्थ विचारून भागत नाही. कोण कोणाला म्हणतंय आणि म्हणून काय साधतंय, ते बघावं लागतं. मैत्रीण घाबरली असेल तर ‘चिल’ म्हणजे “टेन्शन नको घेऊस गं.” ती उगाच चिडली असेल तर “अगं, एवढं काय त्यात?” “आम्ही चिल करत होतो” म्हणजे “निवांत बसलो होतो.” “आमच्या मॅडम एकदम चिल आहेत” म्हणजे त्या ओरडत नाहीत, मोकळेपणानं बोलतात. आणि चहाचे पैसे द्यायला तुम्ही पर्स उघडली की ती म्हणते “चिल”, तेव्हा ते आपलं साधं “राहू दे गं” असतं. इंग्रजीत एकच शब्द आहे, मराठीत पाच निघाले. त्यांत ‘थंड’ एकदाही आला नाही. मुंबईकडची मुलं “थंड घे” म्हणतात, ते चालतं. पण ‘घे’च्या जागी ‘हो’ टाकून बघा, माणसाला विझवल्यासारखं वाटतं.

आता ही उठाठेव आम्ही का केली ते सांगते. आपल्या किशोरी गटाच्या मुली एक हस्तलिखित काढतात. त्यातल्या एकीनं दोन मैत्रिणींचा निकालाच्या दिवसाचा संवाद मोबाइलवर इंग्रजीत ऐकला होता, तो तिला मराठीत हवा होता. पहिली म्हणते, “चिल, ब्रो. मला गणितात ८७ मिळाले, नो कॅप.” दुसरी म्हणते, “कॅप!” आमच्या मुलीनं लिहून आणलं, “थंड हो, भाऊ. मला गणितात ८७ गुण प्राप्त झाले, टोपी नाही.” दुसरीचं उत्तर होतं, “टोपी!” वाचताना सगळ्या हसून लोटपोट झाल्या, ती स्वतःही.

या टोपीची गंमत बघा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीत ‘कॅप’ म्हणजे बढाई, थाप. ‘नो कॅप’ म्हणजे थाप नाही, खरं बोलते. २०१७ च्या सुमारास तिथल्या रॅप गाण्यांतून हा शब्द पसरला आणि मोबाइलवरून डहाणू लोकलमध्ये बसणाऱ्या आपल्या पोरींपर्यंत आला. एक मुलगी पटकन म्हणाली, “ताई, मराठीतही टोपी आहे की! टोपी घालणे.” मलाही क्षणभर वाटलं, सापडलं. पण टोपी घालणं म्हणजे फसवून पैसे काढणं. भिशी बुडवून कोणी पळाला की आपण म्हणतो, टोपी घालून गेला. ८७ मार्कांची बढाई मारणारीनं कोणाचं काही बुडवलेलं नसतं. दोन्हीकडे टोपीच दिसली, तरी डोकी वेगळी.

मग मुलींनाच विचारलं, तुमच्यावर मैत्रिणीनं विश्वास ठेवला नाही तर तुम्ही काय म्हणता? एकीनं काही न बोलता गळ्याची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून दाखवली. गळ्याशप्पथ! लहानपणी आपण सगळ्यांनी हे केलेलं आहे. ‘नो कॅप’ आपल्याकडे शब्दात नव्हे, बोटांत होता म्हणायचा. पण कागदावर चिमटी काढता येत नाही, म्हणून “आईशप्पथ”, “शप्पथ”, “खरंच गं”, “खोटं नाही सांगत” असे पर्याय फळ्यावर लिहिले. “देवाशपथ” आम्ही खोडलं, कारण मार्कांच्या गप्पांना ते फार जड होतं. “आईशप्पथ” दोघींनी नाकारलं, घरी आईची शपथ घातली की ओरडा बसतो म्हणून. नुसतं “शप्पथ” राहिलं. त्यात ‘प’ला ‘प’ हवा. पुस्तकातलं ‘शपथ’ लिहिलं की मंत्री आठवतात.

‘कॅप!’ला उत्तर लवकर मिळालं. कोणी म्हणालं “थापा मारू नकोस”, कोणी “फेकू नकोस”. मी सुचवलं, “काहीही हं!” मुली एकमेकींकडे बघून हसल्या. २०१३ साली सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं हे बोलणं तेव्हा घराघरात होतं. तुम्हाला, मला ते आजही ताजं वाटतं, मुलींच्या कानाला मात्र ते आईच्या मालिकेतलं वाटतं. असे शब्द असे पटकन म्हातारे होतात. म्हणून ‘हं’ काढला आणि नुसतं “काहीही!” ठेवलं.

‘ब्रो’चं काय करायचं? मुलगी मुलीला ‘भाऊ’ म्हणत नाही, निदान वाणगावात तरी नाही. ते काम आपला ‘गं’ करतो. एक मुलगी “नाद खुळा” घालू या म्हणत होती. छान शब्द, पण कोल्हापूरचा. आपल्याकडे कोणी वाडवळी बोलतं, कोणी मांगेली, कोणी वारली. इथल्या मुलीच्या तोंडी कोल्हापूर आलं की ती रीलमधली वाटते.

शेवटी संवाद असा झाला:

“टेन्शन नको घेऊस गं. मला गणितात ८७ पडले, शप्पथ!”
“काहीही! फेकू नकोस.”

‘गुण प्राप्त झाले’ गेलं आणि ‘पडले’ आलं, कारण आपल्याकडे मार्क पडतात. ‘टेन्शन’ इंग्रजी आहे म्हणून एका शिक्षिकेनं हरकत घेतली. मला ती पटली नाही. जो शब्द आजीच्या तोंडी बसला तो आपला. त्याच न्यायानं ‘चिल मार’ कॉलेजातल्या मुलीच्या तोंडी तसंच ठेवायलाही माझी ना नाही. ‘नो कॅप’ मात्र ठेवू नये. वाचणाऱ्या दहातल्या आठ जणी तिथे अडतील.

ताईंच्या घरचं विचाराल तर हप्ता वेळेवर भरला गेला. लेक आता ‘चिल’ मैत्रिणींपुरतंच ठेवते, असं ताई सांगतात. आईशी बोलताना तिनं काय शोधलंय ठाऊक आहे? “बघते मी.” दोनच शब्द आहेत. माझ्या पाचांच्या यादीत ते नव्हते.

हस्तलिखिताचं पुढचं पान मात्र ‘वाइब’ या शब्दावर अडून बसलंय. ‘वातावरण’ लिहिलं तर हवामानखातं वाटतं, ‘मूड’ लिहिलं तर अर्धंच येतं. तुमच्या गटात कोणाला सुचलं तर पुढच्या बैठकीत सांगा.