ऑर्डर पक्की नाही, मग डॉलर कसे विकायचे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री डोळ्यांपुढे आणा. तिने अमेरिकेतल्या एका कारखान्याला कास्टिंगचे कोटेशन पाठवले आहे, रक्कम दोन लाख डॉलर. एकदा पाठवलेला डॉलरमधला भाव बदलता येत नाही. इकडे पिग आयर्न, वीज, मजुरी हा सगळा खर्च मात्र रुपयांत. ऑर्डर मिळणार की नाही हे तीन महिन्यांनी कळेल. हिशेब सोपा राहावा म्हणून निकाल आणि पैसे एकाच दिवशी येतात असे धरू.

आज डॉलर ८५ रुपयांना आहे. बँक तीन महिन्यांनंतरचे डॉलर ८५.५० ने आजच घ्यायला तयार आहे. याला फॉरवर्ड म्हणतात. वरचे पन्नास पैसे म्हणजे बँकेने डॉलर वाढेल असे वर्तवलेले भाकीत नव्हे. भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त असल्याचा तो परिणाम असतो. फॉरवर्ड करायला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, म्हणून तो फुकटात पडल्यासारखा वाटतो.

दुसरी वाट पुट ऑप्शनची. त्याच ८५.५० भावाने डॉलर विकण्याचा हक्क घ्यायचा, सक्ती मात्र नाही. त्यासाठी डॉलरमागे ७० पैसे प्रीमियम, म्हणजे १ लाख ४० हजार रुपये आजच द्यायचे. ते परत मिळत नाहीत. (हे सगळे दर उदाहरणापुरते आहेत.)

आधी ऑर्डर मिळाली असे समजू. डॉलर ८२ वर घसरला तर फॉरवर्डवाल्याच्या हाती १ कोटी ७१ लाख येतात आणि ऑप्शनवाल्याच्या हाती, प्रीमियम वजा जाता, १ कोटी ६९ लाख ६० हजार. काहीच न केलेल्याला १ कोटी ६४ लाखांवर भागवावे लागते. डॉलर ८९ वर गेला तर फॉरवर्डवाला त्याच १ कोटी ७१ लाखांवर अडकतो. ऑप्शनवाला आपला हक्क सोडून देतो, डॉलर बाजारात विकतो आणि १ कोटी ७६ लाख ६० हजार घरी नेतो. दोघे बरोबरीत येतात ते ८६.२० ला. डॉलर त्याखाली राहिला तर फॉरवर्ड सरस, वर गेला तर ऑप्शन. इथवर पाहिले तर प्रीमियम ही चैनच वाटेल, आणि ऑर्डर पक्की असती तर मीही बहुधा फॉरवर्डच घेतला असता.

आता ऑर्डर हुकली असे धरा. डॉलर ८९ वर आहे. फाउंड्रीकडे एकही डॉलर आलेला नाही, पण दोन लाख डॉलर द्यायचा शब्द बँकेला दिलेला आहे. बँक तो करार मोडते आणि डॉलरमागे साडेतीन रुपये, म्हणजे ७ लाख रुपये वसूल करते. डॉलर ९२ वर असता तर १३ लाख. या तोट्याला कमाल मर्यादा नाही. ज्या धोक्यापासून वाचायला फॉरवर्ड घेतला, तो तर ऑर्डरबरोबरच गेला. मागे उरला तो फॉरवर्डनेच आणलेला नवा धोका. ऑप्शनवाल्याचे मात्र १ लाख ४० हजार जातात, त्यापुढे एक पैसाही नाही.

कोणी म्हणेल, ऑर्डर हुकली आणि डॉलर ८२ वर आला तर फॉरवर्डवर ७ लाखांचा फायदाच की. कागदावर खरे आहे. पण अजून पक्क्या न झालेल्या व्यवहारासाठी केलेल्या करारावरचा नफा ती रक्कम प्रत्यक्ष आल्यावरच ग्राहकाला द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. रक्कम न येण्याचे कारण ग्राहकाच्या हाताबाहेरचे होते याची खात्री पटली, तर अपवाद म्हणून बँक तो देऊ शकते. तोट्याला अशी अट नाही. हा नियम ऑप्शनवरच्या नफ्यालाही लागू पडतो, पण तिथे तोटा तरी प्रीमियमपाशी थांबलेला असतो.

प्रीमियम जड वाटला की ‘झीरो कॉस्ट’ची योजना पुढे केली जाते. तिच्यात, समजा, ८४.५० चा पुट घ्यायचा आणि त्याचा खर्च निघावा म्हणून ८६.५० चा कॉल बँकेला विकायचा. कॉल विकला म्हणजे डॉलर त्या भावाच्या वर गेल्यास तो ८६.५० ने देण्याची सक्ती आपण अंगावर घेतली. ऑर्डर हुकली आणि डॉलर ८९ झाला, की पुन्हा ५ लाखांचा फटका. पक्क्या येण्यासाठी ही योजना चालते. इथे मात्र नेमके जे टाळायचे होते तेच ती मागच्या दाराने परत आणते. २००८ च्या सुरुवातीला ३९ च्या आसपास असलेला डॉलर वर्षअखेरीपर्यंत पन्नाशीकडे गेला होता. त्या वर्षी ऑप्शन विकून बसलेल्या बऱ्याच निर्यातदारांना हे महागात पडले.

तीन महिन्यांच्या आधीच होकार आला तर? मग येणे पक्के झाले. उरलेल्या मुदतीची किंमत शिल्लक असेल तर ऑप्शन बँकेला परत विकता येतो आणि त्या दिवशीच्या दराने फॉरवर्ड करता येतो.