मराठी उत्तरांत इमोजी हवेत का?

गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांना दर महिन्याला दोन-चार सूचना काढाव्या लागतात. कधी टाकी साफ करायची असते, कधी लिफ्ट दुरुस्तीला असते, कधी सर्वसाधारण सभा असते. हल्ली अशा बऱ्याच सूचना चॅटजीपीटीसारख्या एआय सहायकाकडून लिहून घेतल्या जातात, आणि त्यात गैर काहीच नाही. ‘रविवारी पाण्याची टाकी साफ करणार, सकाळी ९ ते दुपारी २ पाणी बंद, सभासदांसाठी सूचना लिहून दे’ एवढं सांगितलं की मजकूर तयार. तो पुष्कळदा असा येतो:

```
📢 महत्त्वाची सूचना! 📢
💧 रविवारी पाण्याची टाकी साफ केली जाणार आहे.
⏰ वेळ: सकाळी ९ ते दुपारी २
🚰 कृपया आधीच पाणी भरून ठेवा.
🙏 आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद! 😊
```

पाच ओळींत सात इमोजी. आता ते सातही काढून टाका आणि पुन्हा वाचा. माहितीतलं काही कमी झालं का? घड्याळाचं चित्र गेलं तरी ‘वेळ’ हा शब्द आहे. हात जोडलेलं चित्र गेलं तरी ‘कृपया’ आहे, ‘आपल्या सहकार्याबद्दल’ आहे. उलट चित्रं गेल्यावर खरी उणीव दिसू लागते. कोणता रविवार? तारीख नाही, जावक क्रमांक नाही, खाली ‘सचिव’ म्हणून सहीची जागा नाही. रंगीबेरंगी मजकूर भरगच्च वाटतो, आणि त्यात नेमकं काय राहून गेलंय हे पटकन लक्षात येत नाही. अशा मजकुरातल्या इमोजींवर माझा पहिला आक्षेप हाच आहे.

हे इमोजी येतात कुठून, तेही पाहू. ही सॉफ्टवेअरं इंटरनेटवरच्या अफाट मजकुरावर शिकलेली असतात. पुढच्या टप्प्यात माणसं त्यांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून ‘यातलं कोणतं बरं’ ते सांगतात, आणि ज्याला पसंती मिळते त्या धाटणीकडे सॉफ्टवेअर झुकतं. भरभर वाचून पसंती देणाऱ्या माणसाला ठळक मथळे, मुद्द्यांच्या याद्या आणि चित्रं असलेलं उत्तर नीटनेटकं आणि आपुलकीचं वाटू शकतं. त्यातून ती सवय लागते. मग विषय वाढदिवसाचा असो की मधुमेहाचा, तीच सवय मराठी उत्तरातही उतरते. आणखी एक साधं कारण म्हणजे आपण स्वतः. प्रश्नात आपणच 🙏 टाकला असेल तर उत्तरातही तो येण्याची शक्यता वाढते, कारण समोरच्याच्या बोलण्याचा ढंग उचलणं हाही त्याच शिकवणीचा भाग आहे.

मग मराठीत इमोजी नकोतच का? तसं मी म्हणणार नाही. मराठी माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर इमोजी भरपूर वापरतो, आणि जोडलेले हात तर आपल्याकडे नमस्कार, आभार, विनंती आणि श्रद्धांजली अशा चारही कामांना चालतात. भाचीला वाढदिवसाचा दोन ओळींचा संदेश हवा असेल, तर त्यात केकचं चित्र आलं म्हणून काही बिघडत नाही. पण तो संदेश आपण पाठवतो, आणि चित्र टाकायचं की नाही हे आपण ठरवतो. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्याने ते आपणहून ठरवू नये.

मराठीला तशी गरजही कमी पडते. सूर सांभाळायची साधनं भाषेतच आहेत. ‘पाणी भरून ठेव’, ‘पाणी भरून ठेवा’, ‘पाणी भरून ठेवावे’ आणि ‘पाणी भरून ठेवा हं’ या चार वाक्यांत सांगणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं नातं लगेच कळतं. ‘हं’, ‘ना’, ‘बरं का’ ही एवढीशी अक्षरं हसऱ्या चेहऱ्याचं काम करतात. सहायकाच्या मराठीत हा सूर बहुतेक वेळा सपाट असतो. एकाच उत्तरात ‘तू’ आणि ‘आपण’ एकत्र येतात, आणि वरून हसरा चेहरा लावून ती कसर भरली जाते. सूर क्रियापदात आला पाहिजे, आणि उत्तराची चांगली-वाईट पारख आपण तिथेच करावी.

काही ठिकाणी तर इमोजीने नुकसान होतं. औषधाच्या वेळा किंवा सरकारी योजनेची कागदपत्रं विचारली की यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे हिरवी ✅ येते. आपल्या डोळ्यांना त्या खुणेचा अर्थ ‘तपासलं, बरोबर आहे’ असा लागतो. पण ते कोणीही तपासलेलं नसतं. ओळीची सुरुवात म्हणून टाकलेली खूण वाचणाऱ्याला खात्रीचा शिक्का वाटते, आणि रेशनकार्डाच्या अर्जासाठी माणूस चुकीची कागदपत्रं घेऊन तहसील कचेरीत जातो.

दुसरं नुकसान ऐकणाऱ्यांचं. दृष्टिहीन वाचक फोनवर टॉकबॅकसारखा वाचक वापरतात. त्यांना इमोजी चित्र म्हणून भेटत नाही. त्याचं नाव मोठ्याने वाचलं जातं. वरच्या सूचनेत पहिल्या ओळीच्या आधी आणि नंतर कर्ण्याचं नाव ऐकायचं, मग थेंबाचं, घड्याळाचं, नळाचं. पाणी कधी बंद आहे हे कळायला तेवढा वेळ जास्त.

तिसरी अडचण मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना येते. इमोजी दिसायला चित्र असला तरी संगणकाच्या दृष्टीने तो ‘क’ किंवा ‘म’सारखा एक वर्णच आहे. २०१० साली युनिकोडने इमोजींचा मोठा संच आपल्या वर्णसंचात घेतला, तेव्हापासून ते मजकुराबरोबर कुठेही नकलून जातात. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचा एक वर्ण साठवायला तीन बाइट लागतात आणि बहुतेक इमोजींना चार. ज्या जुन्या संगणक-प्रणाली तीन बाइटांपर्यंतच साठवतात, तिथे मराठी नीट राहतं, पण इमोजी आला की त्याच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात किंवा अर्जच स्वीकारला जात नाही. ऑनलाइन तक्रार नोंदवताना काही कारण न सांगता चूक दाखवली गेली, तर मजकुरात एखादा इमोजी राहिलाय का ते आधी पाहावं. साध्या एसएमएसमध्ये मराठीला एका संदेशात ७० जागा मिळतात, काना-मात्रा धरून. बहुतेक इमोजी त्यातल्या दोन खातात.

आता ते नको असतील तर सांगायचं कसं? नुसतं ‘इमोजी नको’ म्हटलं तर पुढचं एखादं उत्तर स्वच्छ येतं, पण हसरे चेहरे गेले तरी ✅, ➡️ आणि रंगीत ठिपके राहतात, कारण त्यांची गणना सजावटीत होते. म्हणून काय नको ते नावं घेऊन सांगावं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याऐवजी काय हवं तेही सांगावं. मी हा मजकूर सुचवेन:

‘उत्तर साध्या मराठी परिच्छेदांत लिहा. इमोजी, हसरे चेहरे, टिकच्या खुणा, बाण आणि रंगीत ठिपके कुठेही वापरू नका, मथळ्यांतही नाही. मी माझ्या संदेशात इमोजी वापरला तरी तुम्ही वापरू नका. क्रम सांगायचा असेल तर १, २, ३ असे आकडे वापरा. मला “तुम्ही” म्हणा.’

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. ‘मथळ्यांतही नाही’ न सांगितल्यास चित्रं परिच्छेदातून निघून मथळ्याला चिकटतात. आकड्यांचा पर्याय दिला की यादी करताना खुणेची गरज उरत नाही. सूचना मराठीत दिली तरी चालते, त्यासाठी इंग्रजीकडे वळायचं कारण नाही.

दर वेळी हे लिहिणं कंटाळवाणं होतं, म्हणून ते कायमचं नोंदवून ठेवावं. चॅटजीपीटीत `Settings` उघडून `Personalization` मध्ये जायचं. तिथे `Custom instructions` या नावाची जागा आहे, तिच्यात वरचा मजकूर चिकटवून जतन करायचा. जेमिनी आणि क्लॉड यांच्याही सेटिंग्जमध्ये कायमच्या सूचना लिहायची सोय आहे, फक्त मेनूची नावं मधूनमधून बदलतात. नोंद केल्यावर जुन्या संभाषणात तपासू नका, नवीन संभाषण सुरू करून पाहा. जुन्यात आधीची इमोजीवाली उत्तरं समोरच असतात, आणि सहायक स्वतःच्याच मागच्या उत्तरांची री ओढतो. संभाषण फार लांबलं की सुरुवातीची सूचना सैल पडते, त्याचंही कारण थोडंफार हेच. एखादा चेहरा परत डोकावला की तिथेच ‘वरची सूचना पाळा’ म्हणून आठवण द्यावी. तरीही ऐकलं नाही तर नवी पाटी घ्यावी.

सचिवांनी हे केलं, तारीखही घालायला सांगितली, तर सूचना साधारण अशी येते: ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, रविवार, दि. ____ रोजी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत पाण्याच्या टाक्यांची सफाई होणार असल्याने पाणीपुरवठा बंद राहील. कृपया आवश्यक तेवढे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवावे.’ हीच फलकावर लागते, हीच व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, आणि वयस्कर सभासदाला फोनवर वाचूनही दाखवता येते.

आलेल्या मजकुरातून इमोजी गाळणारी तयार साधनं मिळतात. ती वापरणाऱ्यांनी एका गोष्टीची काळजी घ्यावी, कारण तिचा फटका खास मराठीला बसतो. कुटुंबाच्या चित्रासारखे काही इमोजी अनेक चित्रं जोडून तयार होतात, आणि त्यांना जोडणारा एक अदृश्य वर्ण असतो, `U+200D`. मराठीतला अर्धा ‘ऱ’ लिहायलाही काही कीबोर्ड तोच वर्ण वापरतात. इमोजी गाळणाऱ्या साधनाने तो सरसकट उडवला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्याला’ दिलेले पैसे ‘आचार्याला’ दिले जातात. शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही हे सापडत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीत आहेत. त्यामुळे गाळून झाल्यावर ‘दुसऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांना’, ‘पायऱ्या’ असे शब्द शोधून एकदा नजरेखालून घालावेत. मजकूर लहान असेल तर हातानेच पुसलेलं बरं.

मराठीत बोलणारे सहायक जे तयार करतात, त्यांना विनंती आहे की विचारणाऱ्याने स्वतः इमोजी वापरला नसेल किंवा मागितला नसेल, तर उत्तरात तो घालू नये. ज्याला हवा आहे तो एका शब्दात मागू शकतो. ज्याला नको आहे त्याला आज पाच वाक्यांची सूचना लिहावी लागते आणि ती कुठे ठेवायची तेही शोधावं लागतं. हा भार वाचकावर असू नये.